बंद यंत्राचे तास आणि मागच्या ओळीचा भ्रम

यंत्र किती वेळ बंद राहिले हे काढणे म्हणजे निव्वळ बेरजेचे काम, हे मत कारखान्यांच्या उत्पादन विभागांत आणि त्यांना सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यांत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. या मताची मांडणी साधारण अशी असते : बंदच्या प्रत्येक नोंदीला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन रकाने असतात, दोहोंतला फरक काढावा, सगळ्या फरकांची बेरीज करावी, आकडा तयार. नोंदी एकमेकींवर चढत असतील, तर त्या सुरुवातीच्या वेळेनुसार लावाव्यात, प्रत्येक ओळ मागच्या ओळीशी ताडून पाहावी आणि जुळेल तिथे जोडावी. एसक्यूएलमध्ये त्यासाठी LAG हे फंक्शन आहेच. एवढ्यानेही भागले नाही, तर हे काम एसक्यूएलचे नव्हेच असे समजून ते एक्सेलमध्ये किंवा एखाद्या प्रोग्रॅमच्या लूपमध्ये उरकावे. कामगारांच्या रजांचे सलग खंड काढतानाही हीच तीन विधाने पुढे येतात. त्यांपैकी पहिले विधान उघड चुकीचे आहे आणि तिसरे केव्हाच कालबाह्य झाले आहे. दुसरे मात्र सर्वांत घातक आहे, कारण ते बऱ्याचदा बरोबर उत्तर देते आणि चुकते तेव्हा कोणतीही खूण मागे ठेवत नाही.

नोंदी एकमेकींवर चढतात याला नोंदणाऱ्यांचा निष्काळजीपणा कारण असतो, हा समज आधी दूर केला पाहिजे. नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही मध्यम कारखान्यात एकाच यंत्राविषयी लिहिणारे हात अनेक असतात. बिघाडाची चिठ्ठी मेंटेनन्स विभाग लिहितो, वीज गेल्याची नोंद विद्युत विभागाकडे होते, माल नसल्याचे किंवा ऑपरेटर नसल्याचे उत्पादन विभाग लिहितो आणि तपासणीसाठी काम थांबवल्याचे गुणवत्ता विभाग लिहितो. प्रत्येकाची नोंद त्याच्या जागी खरी असते. यंत्राचा पंप उघडून ठेवलेला असताना वीज गेली, तर दोन्ही गोष्टी घडल्याच आहेत. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॉटचे संच आहेत. असा एखादा संच वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असताना त्याच काळात त्याच्यावर झालेल्या लहानमोठ्या कामांच्या नोंदी त्या मोठ्या कालखंडाच्या पोटातच पडणार, हे उघड आहे. वीज केंद्राच्या स्थिर खर्चाची वसुली त्याच्या उपलब्धतेशी बांधलेली असते, त्यामुळे तिथे बंद काळाचा आकडा थेट पैशाचा आकडा होतो. कारखान्यात तो तितका उघड दिसत नाही, एवढाच फरक.

युक्तिवाद हवेत राहू नये म्हणून एका कल्पित व्हीएमसी यंत्राचा एका दिवसाचा तक्ता समोर ठेवणे योग्य होईल. व्हीएमसी म्हणजे उभ्या अक्षावर कापणारे संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र. कारखाना सकाळी 7 ते रात्री 11 अशा दोन पाळ्यांत, म्हणजे 960 मिनिटे चालतो, असे धरू. वेळा 11 मार्च 2025 च्या आहेत.

```
id  t_from  t_to   कारण
1   08:00   13:00  कूलंट पंपाची दुरुस्ती
2   09:10   09:40  वीज नाही
3   11:30   12:00  माल नाही
4   13:00   13:45  दुरुस्तीनंतरची चाचणी
5   15:20   16:10  टूल बदल व सेटिंग
6   16:00   16:50  ऑपरेटर नाही
```

या सहा नोंदींच्या मिनिटांची सरळ बेरीज 505 होते. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाने काय पाहिले असते? सकाळी 8 ला यंत्र थांबले ते पावणेदोनला सुरू झाले, नंतर 3:20 ला थांबले ते 4:50 ला सुरू झाले. पहिला खंड 345 मिनिटांचा, दुसरा 90 मिनिटांचा, एकूण 435. बेरजेने आणलेली जादा 70 मिनिटे कुठून आली हेही सांगता येते : वीज नसल्याची 30, माल नसल्याची 30 आणि टूल सेटिंग व ऑपरेटर नसणे यांची सामाईक 10. ही मिनिटे घड्याळात एकदाच येऊन गेली, पण हिशेबात दोनदा धरली गेली. नियोजित वेळेपैकी यंत्र प्रत्यक्ष चालू असल्याचे प्रमाण, म्हणजे उपलब्धता, बेरजेच्या हिशेबाने 47.4 टक्के निघते आणि खरी 54.7 टक्के असते. मोजणाऱ्यांनीच नाहीसे केलेले हे सात टक्के परत मिळवण्यासाठी मग नवे यंत्र घेण्याचा किंवा जादा पाळी लावण्याचा प्रस्ताव येणार असेल, तर बेरीज सोपी असल्याचे समाधान कोणाच्या उपयोगाचे?

यावर उत्तर ठरलेले असते : बेरीज चुकते हे मान्य, म्हणूनच तर मागच्या ओळीशी तुलना करायची. LAG हे फंक्शन ठरवून दिलेल्या क्रमातल्या आधीच्या ओळीतले मूल्य चालू ओळीत आणून देते. ज्या ओळीची सुरुवात मागच्या ओळीच्या शेवटाआधी किंवा नेमकी त्या शेवटाला होते ती ओळ त्याच खंडातली, आणि नंतर होते ती नव्या खंडाची पहिली, असा हा नियम आहे. तो वरच्या तक्त्याला लावून पाहावा. दुसरी ओळ 9:10 ला सुरू होते, मागची 13:00 ला संपते, म्हणून ती जोडली जाते, इथवर ठीक. तिसरी ओळ 11:30 ला सुरू होते आणि तिच्या मागची, म्हणजे वीज नसल्याची, ओळ 9:40 ला संपलेली आहे. नियम म्हणतो, नवा खंड. प्रत्यक्षात 11:30 ला कूलंट पंप अजून उघडाच पडलेला आहे. चौथी ओळ 13:00 ला सुरू होते, मागची 12:00 ला संपलेली, म्हणून आणखी एक नवा खंड. वास्तविक ही चाचणी दुरुस्ती संपल्याच्या क्षणीच सुरू झाली आहे. पाचवी नवी, हे बरोबर. सहावी पाचवीला जोडली जाते, हेही बरोबर. एकूण खंड चार निघतात, मिनिटे 465 होतात आणि 11:30 ते 12:00 हा खंड 8:00 ते 13:00 या खंडाच्या आत स्वतंत्र म्हणून उभा राहतो. ज्या क्रियेचा हेतू नोंदींचे एकमेकींवर चढणे नाहीसे करणे हा होता, तिच्या उत्तरातच ते चढणे शिल्लक आहे.

इथे मिनिटांची चूक 30 वर आली म्हणून ती क्षम्य ठरत नाही, कारण खंडांची संख्या बिघडली आहे आणि तिच्यावर दुसरी मापे उभी असतात. दोन बंदांमधला सरासरी चालू काळ हे मेंटेनन्स विभागाचे नेहमीचे माप आहे. खऱ्या हिशेबाने यंत्र 525 मिनिटे चालले आणि दोनदा थांबले, म्हणजे सरासरी 262.5 मिनिटे. मागच्या ओळीच्या नियमाने ते 495 मिनिटे चालले आणि चारदा थांबले, म्हणजे सरासरी 123.75 मिनिटे. तेच यंत्र कागदावर निम्म्याहून कमी भरवशाचे झाले. ज्या यंत्रावर एकाच वेळी अनेक विभाग लक्ष ठेवून नोंदी करतात, तेच या नियमाने सर्वांत वाईट ठरते. दक्षतेने नोंदणाऱ्यालाच दंड करणारे माप कोणत्या कारखान्याला हवे असेल?

चुकीचे मूळ नीट पाहिले पाहिजे. जेम्स अ‍ॅलन यांनी 1983 मध्ये दोन कालखंडांमधले शक्य संबंध मोजून दाखवले. ते तेरा आहेत. एक आधी आणि एक नंतर, टोकाला टोक लागलेले, अर्धवट चढलेले, एक दुसऱ्याच्या पोटात, दोन्ही एकच, असे ते प्रकार होत. मागच्या ओळीचा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यांतला अर्धवट चढण्याचा प्रकार असतो, जिथे नंतर सुरू झालेले नंतरच संपते. पोटातल्या कालखंडाचा विचार केला की हे गृहीतक कोसळते, कारण नंतर सुरू झालेले आधी संपू शकते आणि मग 'मागची ओळ' आणि 'अजून न संपलेले काम' या दोन वेगळ्या गोष्टी होतात. दोन ओळींच्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही. तो दिसायला किमान तीन ओळी लागतात : एक लांब, एक तिच्या पोटातली आखूड, आणि त्या आखूड ओळीच्या शेवटानंतर पण लांब ओळीचा शेवट होण्याआधी सुरू होणारी तिसरी. पडताळणीसाठी दोन-दोन ओळींचे नमुने घेणाऱ्यांना हा नियम निर्दोष वाटतो तो याचमुळे.

मागची ओळ नव्हे, तर आतापर्यंतच्या सर्व ओळींनी मिळून काळाच्या रेषेवर गाठलेला सर्वांत दूरचा शेवट, ज्याला इथे पल्ला म्हणता येईल, तो पाहिला पाहिजे. ओळी सुरुवातीच्या क्रमाने लावल्या की हा एकच आकडा पुरतो, आणि तो का पुरतो याची सिद्धता दोन वाक्यांची आहे. नव्या ओळीची सुरुवात पल्ल्याच्या पुढे असेल, तर आधीच्या सगळ्या ओळी पल्ल्यापर्यंत संपलेल्या आहेत आणि नंतरच्या सगळ्या ओळी या सुरुवातीच्या आधी उगवत नाहीत. म्हणजे पल्ला आणि नवी सुरुवात यांच्यामधली फट कोणीही भरून काढू शकत नाही. तिथे खंड तुटतोच, आणि इतरत्र कुठेही तुटत नाही. एसक्यूएलमध्ये हे असे लिहिले जाते :

```sql
WITH a AS (
  SELECT id, machine, t_from, t_to,
         MAX(t_to) OVER (
           PARTITION BY machine
           ORDER BY t_from, id
           ROWS BETWEEN UNBOUNDED PRECEDING
                    AND 1 PRECEDING) AS reach
  FROM downtime
),
b AS (
  SELECT a.*,
         SUM(CASE WHEN t_from <= reach
                  THEN 0 ELSE 1 END) OVER (
           PARTITION BY machine
           ORDER BY t_from, id
           ROWS UNBOUNDED PRECEDING) AS blk
  FROM a
)
SELECT machine, MIN(t_from) AS t_from,
       MAX(t_to) AS t_to
FROM b
GROUP BY machine, blk;
```

यातले OVER हे शब्दरूप विंडो फंक्शनचे आहे. विंडो फंक्शन म्हणजे ओळी एकत्र न मिसळता, प्रत्येक ओळीसाठी तिच्या भोवतालच्या ठरावीक ओळींवर केलेली गणना. पहिल्या पायरीत प्रत्येक ओळीला तिच्याआधीच्या सर्व ओळींचा पल्ला मिळतो. दुसऱ्या पायरीत जिथे खंड तुटतो तिथे 1 आणि इतरत्र 0 असे देऊन त्यांची चालती बेरीज केली जाते, आणि ती बेरीज हाच खंडाचा क्रमांक होतो. पहिल्या ओळीच्या मागे काहीच नसल्याने तिचा पल्ला रिकामा असतो, तुलना खरी ठरत नाही आणि तिला आपोआप 1 मिळतो. वरच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीचा पल्ला 9:40 न येता 13:00 येतो, चौथीचाही 13:00 च येतो आणि दोन्ही पहिल्या खंडात बसतात. खंड दोन, मिनिटे 435.

या रचनेतले दोन तपशील अनेकजण अनावश्यक म्हणून गाळतात आणि दोन्ही गाळणे महागात पडते. पहिला तपशील '1 PRECEDING' हा. ती मर्यादा न लिहिल्यास चौकटीत चालू ओळही येते, तिचा स्वतःचा शेवट पल्ल्यात मिसळतो, प्रत्येक सुरुवात पल्ल्याच्या आत ठरते आणि यंत्राच्या साऱ्या नोंदी एकाच खंडात गोळा होतात; दर यंत्राला नेमका एकच लांबलचक खंड दिसला, तर दोष इथे शोधावा. दुसरा तपशील क्रमातल्या id चा. दोन नोंदींची सुरुवात एकाच क्षणी असेल आणि क्रम फक्त सुरुवातीवर ठरवला असेल, तर त्या दोघींत पुढची कोणती हे डेटाबेसच्या मर्जीवर राहते, आणि पहिल्या व दुसऱ्या पायरीत ती मर्जी सारखीच असेल याची हमी कोणी देत नाही. क्रम उलटला, तर 0 मिळालेली ओळ 1 मिळालेल्या ओळीच्या आधी मोजली जाते आणि भलत्याच, म्हणजे मागच्या, खंडाला चिकटते. हा दोष एरवी महिनोन्महिने दिसत नाही आणि डेटाबेसची आवृत्ती बदलली की अचानक उगवतो.

उत्तर बरोबर आहे हे ओळखायचे कसे, असा प्रश्न विचारणारे कमी आढळतात, आणि या साऱ्या वादातली ही सर्वांत खेदाची बाब आहे. पडताळणी अगदी वेगळ्या वाटेने करता येते : प्रत्येक नोंद मिनिटामिनिटांत फोडावी आणि वेगवेगळी मिनिटे मोजावीत. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी एवढेच पुरते :

```sql
SELECT machine, COUNT(DISTINCT m)
FROM downtime,
     generate_series(t_from,
       t_to - interval '1 minute',
       interval '1 minute') AS m
GROUP BY machine;
```

वरच्या तक्त्यावर याचे उत्तर 435 येते. ही रीत संथ आहे, वर्षभराच्या नोंदींवर रोज चालवण्याजोगी नाही, आणि वेळा पूर्ण मिनिटांतच असाव्या लागतात. पण एका यंत्राच्या एका आठवड्यावर ती चालवली की मागच्या ओळीचा नियम किती मिनिटांनी फसतो ते आकड्यात दिसते.

रजांकडे वळले की या मताची आणखी एक बाजू उघडी पडते. यंत्राच्या वेळा क्षणांच्या असतात : 13:00 ला संपलेली दुरुस्ती आणि 13:00 ला सुरू झालेली चाचणी यांच्यात फट नाही. रजेच्या तारखा मात्र दोन्ही टोकांसह धरल्या जातात. 3 ते 7 मार्च ही एक रजा आणि 8 ते 10 मार्च ही दुसरी, तर 8 ही तारीख 7 च्या पुढची असली तरी कामगार मध्ये एकही दिवस कामावर आलेला नाही. म्हणून तारखांसाठी अट 'reach + 1' अशी करावी लागते. ही अट यंत्राच्या वेळांना लावली तर एका दिवसाच्या आतले सगळे वेगळे बंद एकत्र होतील, आणि यंत्राची अट रजांना लावली तर सलग गैरहजेरीचे तुकडे पडतील. सूत्र एकदा लिहून सगळीकडे डकवावे, असे म्हणणाऱ्यांनी टोक धरायचे की सोडायचे हा निर्णय मुळात घेतलेलाच नसतो.

त्यातच मधल्या रविवारचा प्रश्न येतो. शनिवार 8 मार्चपर्यंत रजा आणि सोमवार 10 मार्चपासून पुन्हा रजा, तर खंड एक की दोन? याचे उत्तर एसक्यूएलकडे नाही आणि असण्याचे कारणही नाही. ते प्रश्न कशासाठी विचारला यावर अवलंबून आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 79 च्या स्पष्टीकरणाने भरपगारी रजेचे दिवस मोजताना रजेच्या मध्ये किंवा टोकांना येणाऱ्या सुट्ट्या वगळल्या होत्या; म्हणजे रजेच्या खात्यातून वजा होणारे दिवस हा एक हिशेब. जागेवर माणूस सलग किती दिवस नव्हता आणि बदली कामगार किती दिवसांसाठी हवा, हा दुसरा हिशेब. दुसऱ्या हिशेबात सुट्टीचे दिवसही नोंदी म्हणून तक्त्यात घालावेत, मग खंड बांधावेत, आणि खंडाची टोके मात्र फक्त रजेच्या ओळींवरून काढावीत. ज्या खंडात रजेची एकही ओळ नाही तो, म्हणजे एकटा रविवार, गाळावा. टोके अशी न छाटल्यास शनिवारी संपलेली प्रत्येक रजा रविवारपर्यंत ताणली जाते. हे दोन हिशेब एकाच प्रश्नाचे एकच उत्तर समजून पगार विभाग आणि उत्पादन विभाग एकमेकांचे आकडे खोटे ठरवत बसतात, आणि वास्तविक दोघांचेही आकडे आपापल्या प्रश्नापुरते बरोबर असू शकतात.

आता तिसरे विधान : हे काम एसक्यूएलचे नव्हे. या विधानाला एकेकाळी आधार होता, एवढे कबूल केले पाहिजे. विंडो फंक्शने एसक्यूएलच्या 2003 च्या प्रमाणकात असली तरी पोस्टग्रेसमध्ये ती 2009 मध्ये आली, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालत्या चौकटीसह 2012 मध्ये आणि मायएसक्यूएलमध्ये तर 2018 च्या 8.0 या आवृत्तीत. त्याआधी तक्ता स्वतःशीच जोडून, 'यापुढे चढलेली एकही नोंद नाही' अशा अटी एकात एक घालून हेच उत्तर काढावे लागे. ओळी दुप्पट झाल्या की वेळ चौपट होई आणि लिहिणाऱ्यालाही ते महिन्याने वाचता येत नसे. तेव्हा लूपकडे वळणारा माणूस चुकीचा नव्हता. ती परिस्थिती संपून वर्षे लोटली, तरीही तीच सबब चालू ठेवण्याला कोणता आधार आहे? आज हाच हिशेब यंत्र आणि सुरुवात यांच्या क्रमाने एकदा लावलेल्या ओळींवरून एका फेरीत होतो, आणि त्या क्रमाचा इंडेक्स असेल तर क्रम लावण्याचा खर्चही वाचतो.

लूप समजायला सोपा, असे म्हटले जाते. बरोबर लिहिलेला लूप काय करतो ते मात्र सांगितले जात नाही : तोही ओळी सुरुवातीने लावतो आणि एका चलात आतापर्यंतचा पल्ला धरून ठेवतो. म्हणजे विचार तोच आहे. आणि चुकीचा लिहिलेला लूप त्या चलात कमाल ठेवण्याऐवजी शेवटच्या ओळीचा शेवट लिहितो; तेव्हा 8:00 ते 13:00 हा बंद वीज परत येताच 9:40 ला संपल्याचे ठरते. मागच्या ओळीचा भ्रम लूपमध्ये गेल्याने दूर होत नाही, तो फक्त डेटाबेसपासून लांब जातो. मग दैनिक अहवालाचा एक लूप, मासिक अहवालाचा दुसरा, आणि एक्सेलमधले सूत्र तिसरे, असे तीन आकडे एकाच यंत्राचे फिरू लागतात. एकाच ठिकाणी व्ह्यू म्हणून, म्हणजे नाव देऊन जपलेली क्वेरी म्हणून, ठेवलेला हिशेब तिन्ही अहवालांना एकच आकडा देतो.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना तर 2021 च्या 14 व्या आवृत्तीपासून पल्ल्याचा हिशेबही हाताने करावा लागत नाही. त्यात कालखंड हाच एक मूल्यप्रकार आहे आणि अनेक कालखंडांचा संच जोडून देणारे फंक्शनही आहे :

```sql
SELECT machine,
       unnest(range_agg(tsrange(t_from, t_to))) AS blk
FROM downtime
GROUP BY machine;
```

चढलेले आणि टोकाला टोक लागलेले कालखंड ते आपणच जोडते. शिवाय शेवट सुरुवातीच्या आधीचा असलेली नोंद ते मुकाट्याने गिळत नाही, चूक दाखवून थांबते. रात्रपाळी असलेल्या कारखान्यांत याचे मोल मोठे आहे : 23:30 ला थांबलेले आणि 00:20 ला सुरू झालेले यंत्र एकाच तारखेखाली लिहिले गेले की शेवट सुरुवातीच्या 23 तास 10 मिनिटे आधी जाऊन बसतो, आणि साध्या वजाबाकीत तेवढी मिनिटे एकूण बेरजेतून गुपचूप वजा होतात.

खंड जोडले की कारणे हरवतात, ही तक्रार मेंटेनन्स विभागाकडून येते आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. पण तिचा निष्कर्ष, म्हणजे म्हणून जोडूच नये, हा टिकत नाही. मूळ नोंदी कोणी पुसत नाही. वरच्या रचनेतल्या दुसऱ्या पायरीत प्रत्येक मूळ ओळ तिच्या खंडाच्या क्रमांकासह उभी असते; कोणत्या खंडात कोणती कारणे होती, पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, हे तिथून वाचता येते. कूलंट पंपाला 300 मिनिटे लागली हे जोडल्यानंतरही खरेच राहते. कारणवार मिनिटांची बेरीज 505 आणि यंत्राच्या बंद काळाची 435 यांत विरोध नाही, कारण एक बेरीज विभागांच्या कामाची आहे आणि दुसरी यंत्राच्या उभे राहण्याची. जिथे दोन कारणे एकमेकांवर चढली त्या मिनिटांचा भार कोणत्या कारणावर टाकायचा, हा वेगळा नियम आहे आणि तो कारखान्याने लिहून ठरवला पाहिजे. तो ठरवण्याचे टाळून 505 हाच आकडा यंत्राच्या नावावर लावणे म्हणजे विभागांचा वाद यंत्राच्या माथी मारणे होय.

उरतो तो अजून न मिटलेल्या बंदचा प्रश्न, आणि सोप्या बेरजेचा पक्ष सर्वांत जास्त नुकसान करतो ते इथेच. समजा त्याच दिवशी 18:00 ला स्पिंडलचा बिघाड नोंदला गेला आणि यंत्र सुरू न झाल्याने 'केव्हापर्यंत' हा रकाना रिकामा राहिला. नंतर 20:00 ते 20:30 वीज गेल्याची नोंद झाली. एसक्यूएलमध्ये रिकामे मूल्य म्हणजे NULL, आणि MAX ते विचारातच घेत नाही. त्यामुळे वर दिलेली बरोबर रचनासुद्धा विजेच्या ओळीला 16:50 हाच पल्ला देते, तिला स्वतंत्र खंड ठरवते, आणि स्पिंडलच्या खंडाला शेवट नसल्याने त्याची मिनिटेही रिकामी येतात, जी SUM पुन्हा वगळते. रात्री 11 ला काढलेला अहवाल म्हणतो, सहानंतर यंत्र 30 मिनिटे बंद होते. ते पाच तास बंद आहे, आणि अजूनही बंदच आहे. यावर उपाय एका ओळीचा आहे : हिशेबात शिरतानाच रिकाम्या शेवटाच्या जागी अहवालाचा क्षण ठेवणे, म्हणजे दोन्ही ठिकाणी t_to ऐवजी `COALESCE(t_to, :till)` लिहिणे. tsrange मध्ये रिकामा शेवट आपसूकच अमर्याद धरला जातो, पण मिनिटे मोजायची तर तिथेही हाच क्षण ठेवावा लागतो. एवढे केले की त्या दिवसाचा एकूण बंद काळ 465 मिनिटांवरून 735 मिनिटांवर जातो. जे यंत्र सर्वांत गंभीरपणे बिघडलेले आहे, ज्याची नोंद अजून मिटलेलीच नाही, तेच ज्या हिशेबात सर्वांत निरोगी दिसते, तो हिशेब सोपा आहे म्हणून चालू ठेवण्याचा अधिकार कोणत्याही उत्पादन विभागाला नाही. बंद काळाचा आकडा सहीसाठी समोर येईल तेव्हा त्याच्या मागे पल्ला मोजला आहे की मागची ओळ, टोके धरली आहेत की सोडली, आणि उघड्या नोंदींचे काय केले, हे विचारल्याशिवाय त्यावर सही होता कामा नये.